तासाला किती पडले?

बँकेच्या नोकरीत बत्तीस वर्षे काढली. त्यातली बरीचशी कर्ज विभागात गेली. टेबलासमोर बसलेला माणूस शाळामास्तर असो, टेम्पो घेणारा असो की फ्लॅटसाठी आलेले नवे जोडपे, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘साहेब, हप्ता किती पडेल?’ एकूण फेड किती होईल हे विचारणारा महिन्याकाठी एखादाच. लाख रुपये बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता २,२२४ रुपये. तेच दहा वर्षांसाठी घेतले तर १,४३५ रुपये. हा दुसरा आकडा ऐकला की समोरचा चेहरा उजळे. पहिल्या हिशेबात व्याजापोटी सुमारे ३३ हजार जातात आणि दुसऱ्यात ७२ हजार, हे मी कागदावर मांडून दाखवी. तरी माणसे दहा वर्षांच्या रकान्यावरच बोट ठेवीत. मुदत लांबली की दर महिन्याचा आकडा लहान होतो आणि लहान आकडा स्वस्त वाटतो. लोकांच्या या भाबडेपणाला मी मनातल्या मनात हसत असे.

मग गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने माझ्यापुढे एक कागद ठेवला आणि मीही त्या भाबड्यांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

नातू नववीत आहे. मुंजीत आलेली पाकिटे, वाढदिवसाचे पैसे आणि आजीने गुपचूप दिलेले, असे मिळून त्याच्याजवळ ४,४०० रुपये साठले होते. आमच्या घरी नियम असा की विकतचा व्हिडिओ गेम वर्षातून एखादाच, आणि तोही मोठ्यांच्या संमतीने. संमती देणारा अधिकारी अर्थातच मी. ‘प्रस्ताव लेखी आण’ असे मी गमतीने म्हणालो, तर पठ्ठ्याने खरोखरच लेखी आणला. कागदावर दोन खेळ होते. एक मोठा, किंमत ४,००० रुपये, खेळायला ८० तास. दुसरा छोटा, किंमत ४०० रुपये, खेळायला एक तास चाळीस मिनिटे. खाली भागाकार केलेला होता. मोठा खेळ पडतो तासाला ५० रुपये आणि छोटा पडतो तासाला २४० रुपये.

‘आजोबा, पन्नास रुपयांत हल्ली तास दोन तास कुठे करमणूक मिळते? तुमच्या सिनेमाचं तिकीट तीनशे रुपये. अडीच तासांचा सिनेमा धरला तर तासाला एकशेवीस झाले, आणि मध्यंतरातले वडे वेगळे!’

युक्तिवाद बिनतोड होता. किंबहुना तो माझ्याच शाळेतला होता. मी कागदावर ‘मंजूर’ असे लिहून सही ठोकली. आज त्या सहीबद्दल थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण हा भागाकार केवळ आमच्या घरातला नाही. जगभर खेळ विकत घेणारी मुले आणि मोठी माणसे याच एका आकड्यावर खेळांची पारख करतात आणि विकणारेही त्याच आकड्याला साद घालतात.

नाण्यापासून तासांपर्यंत

माझ्या तरुणपणी शहरात व्हिडिओ पार्लर निघाली होती. नाणे टाकायचे, खेळायचे, हरले की पुन्हा नाणे टाकायचे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ १९७८चा आणि ‘पॅक-मॅन’ १९८०चा. हे खेळ अशा यंत्रांसाठीच रचलेले होते. त्या धंद्यात मालकाचा फायदा खेळ लवकर संपण्यात असे. तुम्ही एका नाण्यात अर्धा तास तग धरलात तर मागे रांग खोळंबे आणि गल्ला रिकामा राही. म्हणून खेळ घटकाभरात कठीण होत जाई. तासाला किती पडले, हा हिशेब तिथे करावा लागत नसे. खिशातली नाणीच तो सांगत.

खेळ घरी आला, एकरकमी किमतीला विकत मिळू लागला, आणि हितसंबंध उलटे झाले. आता पैसे आधीच दिलेले असतात. तेव्हा गिऱ्हाईक विचारू लागले, ‘एवढ्या पैशांत किती दिवस पुरेल?’ अमेरिकेत मोठ्या नव्या खेळाची किंमत बरीच वर्षे ६० डॉलर होती. २०२०पासून ती ७०वर जाऊ लागली. आपल्याकडे असे खेळ चार-पाच हजारांच्या घरात पडतात. एवढी रक्कम घालताना मनाला काहीतरी आधार हवा असतो आणि तास हा सर्वांत सोयीचा आधार आहे. चांगले-वाईट यावर वाद होतो. घड्याळावर होत नाही.

विकणाऱ्यांनी हे हेरले नसते तरच नवल. २०२२च्या जानेवारीत ‘डाइंग लाइट २’ या खेळाच्या पोलंडमधल्या निर्मात्यांनी, टेकलँडने, जाहीर केले की आमचा खेळ पूर्णपणे संपवायला किमान ५०० तास लागतील. वॉर्सापासून माद्रिदपर्यंत चालत जायला जवळजवळ एवढाच वेळ लागतो, अशी पुस्तीही जोडली. त्यांना वाटले, लोक टाळ्या वाजवतील. पण खेळणाऱ्यांपैकी पुष्कळांनी कपाळाला हात लावला. नोकरी करणारी माणसे म्हणू लागली, आम्हाला हे आयुष्यात जमायचे नाही. मग कंपनीला खुलासा करावा लागला. मुख्य कथा २० तासांची आहे, आजूबाजूची कामे धरून ८० तास, आणि ५०० हा आकडा कानाकोपरा धुंडाळणाऱ्यांसाठी.

म्हणजे एकाच खेळाचे तास २०, ८० आणि ५००. भागाकारात वरचा आकडा, किंमत, पक्का असतो. खालचा आकडा, ज्याला आपण शाळेत छेद म्हणत होतो, तो असा रबरासारखा ताणता येतो. कर्जाच्या मुदतीसारखाच. मंजुरीची सही करताना नेमके हेच माझ्या लक्षात यायला हवे होते.

छेद कोणाचा?

नातवाने ८० तास कुठून आणले, हे मी फार उशिरा विचारले. ‘हाऊ लाँग टू बीट’ या नावाची एक नोंदवही इंटरनेटवर आहे. तिथे खेळणारे आपापले तास कळवतात आणि प्रत्येक खेळाची सरासरी निघते. ती तीन प्रकारची असते. फक्त मुख्य कथा, कथा आणि इतर बरेच काही, आणि अगदी सगळे. ‘द विचर ३’ या २०१५च्या गाजलेल्या पोलिश खेळाचे उदाहरण घ्या. मुख्य कथा सुमारे ५० तास, इतर गोष्टी धरून सुमारे १००, आणि सगळे करायचे म्हटले तर १७०च्या आसपास. तीन छेद, तीन दर. माझ्या नातवाने, सर्व प्रस्ताव मांडणारे करतात तसे, स्वतःला सोयीचा मधला आकडा घेतला होता.

बरे, ही सरासरीसुद्धा कोणाची? ज्यांनी खेळ पुरा केला त्यांची. जे वाटेत कंटाळून उठले, त्यांचे तास या सरासरीत धरलेले नसतात. बँकेत कोणी पूर्ण फिटलेल्या कर्जांच्याच फायली काढून म्हणू लागले, ‘पाहा, आपली वसुली शंभर टक्के आहे,’ तर त्याला आम्ही खुर्चीवर बसू दिले नसते. थकीत खाती पाहिल्याशिवाय शाखेची प्रकृती कळत नाही.

खेळांची थकीत खातीही पाहता येतात. हे मला नातवानेच दाखवले, पण पैसे गेल्यानंतर. बहुतेक खेळांत एकेक टप्पा ओलांडला की एक बिल्ला मिळतो. ‘स्टीम’ नावाचे संगणकावरच्या खेळांचे जे मोठे दुकान आहे, तिथे कोणता बिल्ला किती टक्के खेळाडूंना मिळाला, हे उघड छापलेले असते. कथेचे बिल्ले ओळीने लावून पाहावेत. समजा, पहिल्या प्रकरणाचा बिल्ला ८० टक्क्यांजवळ आहे आणि शेवटच्या प्रकरणाचा २५ टक्क्यांजवळ. पंचवीसला ऐंशीने भागले की कळते, मनापासून सुरुवात करणाऱ्या शंभरातले एकतीसच पैलतीराला पोचले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टक्केवारी कुठे एकदम घसरते, ते पाहावे. चौथ्या प्रकरणाला साठ आणि पाचव्याला पस्तीस असेल, तर पाचव्यात काहीतरी गाडी रुतवणारे आहे, असे खुशाल समजावे. विकत घेतलेल्या खेळाचे तास आपल्यापुरते तिथेच संपण्याची शक्यता मोठी.

आमचे तसेच झाले. मुलगा अभ्यास सांभाळून शनिवार-रविवार मिळून चार तास खेळणार, असे ठरले होते. म्हणजे ८० तासांना वीस आठवडे, पाच महिने. हा साधा भागाकार मी दिवाळीत केलाच नव्हता. पहिले तीन आठवडे उत्साहाचे गेले. जेवणाच्या ताटावर त्या खेळातल्या राजवाड्यांच्या आणि कटकारस्थानांच्या गोष्टी. नंतर गोष्टी थांबल्या. डिसेंबरच्या एका रविवारी मी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. पडद्यावर एक मनुष्य माळरानावर वनस्पती गोळा करत होता. वीस मिनिटे तो तेच करत होता.

‘कथा कुठे गेली रे?’

‘पुढे आहे आजोबा. पण पुढचा राक्षस माझ्यापेक्षा सहा पायऱ्या वरचा आहे. आधी पायऱ्या वाढवाव्या लागतात.’

‘आणि हे वनस्पती वेचणं आवडतं तुला?’

तो थोडा थांबून म्हणाला, ‘आवडत नाही. पण केल्याशिवाय पैसे वसूल होत नाहीत.’

या वाक्याने मी चरकलो. नववीतल्या मुलाला हे वाक्य कोणी शिकवले, हे मला माहीत होते.

पासबुक

त्या संध्याकाळी मी त्याला एक जुने कोरे पासबुक दिले. रकाने असे पाडले. तारीख, किती वेळ खेळला, आणि शेवटच्या रकान्यात एक खूण. हा वेळ उद्या पुन्हा फुकट मिळाला तर घेशील का? घेईन असेल तर ‘जमा’, नाही तर ‘नावे’. मागचे आठवडे त्याने आठवून भरले, पुढचे रोजच्या रोज. फेब्रुवारीत परीक्षा जवळ आली, खेळ बंद झाला, आणि नंतर तो उघडावासा त्याला वाटला नाही. खाते आपोआप गोठले.

मग आम्ही ताळेबंद केला. दुकानाच्या घड्याळात २२ तास नोंदले होते. पण ते घड्याळ खेळ चालू आहे एवढेच पाहते. समोर माणूस आहे की नाही, ते पाहत नाही. जेवायला जाताना खेळ थांबवून ठेवलेले दोन तास त्यात होते. ते वजा जाता २० तास उरले. त्यातले जमेचे तास भरले १२. उरलेले आठ वनस्पती वेचण्यात, घोड्यावरून एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाण्यात आणि तेच शत्रू पुन्हा मारण्यात गेले होते.

४,००० भागिले ८० म्हणजे ५० रुपये, हा प्रस्तावातला दर. भागिले २० म्हणजे २०० रुपये, हा प्रत्यक्षातला दर. भागिले १२ म्हणजे ३३३ रुपये, हा आनंदाचा दर. खेळ तोच, किंमत तीच, पण दर पावणेसात पट झाला.

आठ तासांच्या ‘नावे’ रकान्यावर मी बराच विचार केला. या भागाकाराची खरी खोट तिथे आहे. त्यात प्रत्येक तास मिळकत म्हणून धरला जातो. कंटाळवाणा तास वाढला तरी दर खालीच येतो आणि खेळ कागदावर स्वस्त होतो. वास्तविक तो तास मुलाने आपल्या खिशातून दिलेला असतो. ज्या हिशेबात खर्च वाढल्यावर नफा वाढलेला दिसतो, तो हिशेब कुठल्याही ऑडिटरने परत पाठवला असता.

कंटाळवाण्या तासांना बाजारात किंमत किती, हेही एकदा उघड झाले आहे. २०१८मध्ये युबिसॉफ्ट कंपनीचा ‘असासिन्स क्रीड ओडिसी’ हा प्रचंड मोठा खेळ आला. पूर्ण किमतीच्या त्या खेळासोबत कंपनी आणखी एक गोष्ट वेगळे पैसे घेऊन विकत होती. ती घेतली की पात्राच्या अंगी येणारा अनुभव दीडपट वेगाने वाढे, म्हणजे पायऱ्या लवकर चढता येत. काही समीक्षकांनी तेव्हाच विचारले की ही सोय विकता यावी म्हणून मूळ वाट मुद्दाम लांबवली आहे काय? हेतूचे मी सांगू शकत नाही. पण ज्या तासांतून सुटण्यासाठी गिऱ्हाईक खिशात हात घालते, त्या तासांचे मूल्य शून्याच्याही खाली असते, एवढे मला बँकेने नक्की शिकवले आहे.

इथे माझ्यातल्या कादंबरीकाराने मान खाली घातली, हेही सांगून टाकतो. आमच्या धंद्यात पुस्तकाची किंमत फर्म्यांवर ठरते. सोळा पानांचा एक फर्मा. माझ्या एका कादंबरीत नायक कोल्हापूरहून मुंबईला रेल्वेने जातो, तो प्रवास वाजवीपेक्षा दोन प्रकरणे लांबला आहे. वाचकांना गाडी लेट झाली असे वाटले असेल. खरे कारण असे, की पुस्तक हातात जाड लागावे असे प्रकाशकांना वाटत होते आणि मला नाही म्हणवले नाही. तीही वनस्पती वेचणीच.

छोटा खेळ आणि माझी चूक

मे महिन्यात सुटी लागली. नातवाजवळ उरलेले ४०० रुपये होते. दिवाळीच्या कागदावरचा दुसरा खेळ त्याने घेतला. वर्षातून एकच, हा नियम मी शिथिल केला, कारण मनात थोडी अपराधी भावना होती. एका रिकाम्या होत चाललेल्या घराचा तो खेळ. खोल्याखोल्यांतून फिरायचे, वस्तू उचलून खोक्यांत भरायच्या, आणि त्या वस्तूंवरून तिथे कोण राहत होते, हे हळूहळू उमगत जायचे. मारामारी नाही, पायऱ्या नाहीत. मी शेजारीच बसलो होतो. शेवटच्या खोलीत आलो तेव्हा आम्ही दोघेही बोलत नव्हतो. एक तास चाळीस मिनिटे झाली होती.

आणि त्यानंतर मी जे केले ते सांगायला लाज वाटते. ‘स्टीम’चा २०१५पासूनचा एक नियम आहे. खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर खेळ परत करता येतो, पैसे परत मिळतात. कारण कोणतेही चालते. चुकून घेतला, संगणकावर चालला नाही, आवडला नाही, अशांसाठी ही चांगली सोय आहे. तिचा गैरफायदा घेऊ नये, असे दुकान स्वतःच बजावते. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, ‘अरे, दोन तास झालेले नाहीत. परत कर. तासाला शून्य रुपये पडेल!’

नातू माझ्याकडे पाहत राहिला. ‘पण आजोबा, आपण तो पूर्ण खेळलो.’

‘नियमात बसतं ना?’

नियमात बसत होते. पैसे परत आले.

जूनमध्ये त्यानेच मला एक जुनी बातमी वाचायला दिली, काही न बोलता. २०२१च्या उन्हाळ्यात ‘समर ऑफ ५८’ नावाचा सुमारे दीड तासाचा एक भयखेळ आला होता. बनवणारा एमिका गेम्स नावाचा अगदी छोटा निर्माता. खेळणाऱ्यांचे अभिप्राय चांगले होते. तरी ऑगस्टमध्ये त्याने जाहीर केले की आपण खेळ बनवणे अनिश्चित काळासाठी थांबवत आहोत. कारण खेळ दोन तासांच्या आत संपतो, आणि आवडल्याचे सांगूनही मोठ्या संख्येने लोक तो परत करून पैसे घेत आहेत.

मी ती बातमी दोनदा वाचली. खानावळीत ताट स्वच्छ करून, तृप्तीचा ढेकर देऊन, मग जेवण लवकर संपले म्हणून पैसे परत मागणारा गिऱ्हाईक कसा दिसेल? तो माझ्यासारखा दिसेल. शिवाय या वागण्याचा परिणाम सरळ आहे. दोन तासांच्या आतला खेळ बनवणे धोक्याचे झाले, तर शहाणा निर्माता नव्वद मिनिटांच्या खेळात आणखी चाळीस मिनिटे कोंबणार. कुलूप घालणार, किल्ली घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवणार. मग आपणच कुरकुरणार की हल्लीच्या खेळांत भरताड फार.

भागाकार कुठे चालतो

याचा अर्थ भागाकार टाकून द्यावा असा नाही. काही खेळांना तो चोख लागू पडतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक खपून बनवला आणि तो २०१६मध्ये पंधरा डॉलरांना विकायला आला. पेरणी, पाणी, मासेमारी, गावकऱ्यांशी ओळख, असे त्याचे रोजचे दिवस. अनेक जण तो वर्षानुवर्षे, शेकडो तास खेळतात. तिथे पुन्हा तेच करणे हीच मौज आहे, जशी अंगणातल्या कॅरमची. मित्रांबरोबरचा फुटबॉल, बुद्धिबळ, पत्ते, कोडी यांचेही तसेच. अशा दोन खेळांत निवड करायची असेल तर तासाचा दर जरूर काढावा. फक्त जाहिरातीतले तास न घेता आपल्या घरच्या आठवड्याचे तास घ्यावेत.

कथेच्या खेळांना मात्र हा दर लावला की गडबड होते, कारण तिथे लांबी हा रचनेचा भाग असतो. ‘पोर्टल’ हा २००७चा खेळ साधारण तीन तासांत संपतो. भिंतीवर दोन दारे उमटवायची, एकातून शिरायचे, दुसऱ्यातून निघायचे, एवढीच कल्पना. प्रत्येक खोली त्या कल्पनेचा एक नवा पैलू शिकवते, आणि कल्पना जुनी वाटू लागण्याआधी खेळ संपतो. गंमत म्हणजे तो सुरुवातीला एकटा विकलाच नाही मुख्यतः. ‘द ऑरेंज बॉक्स’ नावाच्या पाच खेळांच्या एका संचात इतर मोठ्या भावंडांबरोबर तो आला, म्हणून तीन तासांचे किती पैसे, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र हाच धाकटा. उलट ‘द विचर ३’चे पन्नास-शंभर तास ज्यांना मनापासून रुचले, त्यांच्या दृष्टीने तो खेळ स्वस्तच आहे. कारण त्यांचे पासबुक जमेच्या नोंदींनी भरलेले आहे. त्यांचा छेद खरा आहे. माझ्या नातवाचा उसना होता.

आता आमच्या घरी मंजुरीची पद्धत बदलली आहे. आधी विचारायचे, आठवड्याला किती तास मिळणार आणि या गतीने खेळ संपणार कधी. मग कथेचे बिल्ले पाहून लोक कुठे उठून जातात ते शोधायचे आणि तिथवरचेच तास धरायचे. किंमत जास्त वाटली तर वाट पाहायची, कारण मोठ्या खेळांच्या किमती वर्षा-दोन वर्षांत उतरतात आणि वरचा आकडा आपोआप लहान होतो. आणि शेवटी, दर न काढता एकूण रक्कम बघायची. हे चारशे रुपये एका चांगल्या संध्याकाळीसाठी द्यायला आपण तयार आहोत का? हप्ता किती हा प्रश्न शेवटचा, फेड किती हा पहिला.

राहता राहिला परत केलेला खेळ. जूनच्या अखेरीस मी माझ्या पेन्शनमधून चारशे रुपये भरून तो पुन्हा घ्यायला लावला. नातवाची धाकटी बहीण सुटीत बातमी ऐकूनच बसली होती. या वेळी माउस तिच्या हातात होता आणि नातू मागे उभा राहून, काही सांगायचे नाही अशी शपथ घेऊन, ओठ दाबून होता. तिने प्रत्येक कपाट उघडले, प्रत्येक फोटो निरखला. तिला दोन तास वीस मिनिटे लागली.

नातवाने पासबुक काढले. आधीचा एक तास चाळीस मिनिटे आणि हे दोन तास वीस, एकूण चार तास, सगळे जमा. चारशे भागिले चार, तासाला शंभर रुपये. मोठ्या खेळाचे ३३३. त्याने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि माझ्याकडे पाहिले.

‘आजोबा, तुम्ही पण दोन्ही वेळा शेजारी बसला होतात. तुमचे तास धरायचे का?’

मी म्हणालो, ‘राहू दे. ते मला नोकरीतही कधी धरता आले नाहीत.’